रात्रीची लाईन आणि तिची दुपार : दूर राहून फोनवर संसार करणाऱ्यांचे अनुभव

धुऱ्यावरचा:
राजेहो, बायको अमेरिकेत पीएचडीले गेली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून एमएस्सी झाली होती, आता तिकडे नेब्रास्कात मातीवर काम करते, अन् मी इथं दारव्हा तालुक्यात कपाशी, तूर, हरभरा पाहतो. लोकं विचारतात आठवण येते का, करमते का. ते राहू द्या. मले विचारायचं हे आहे का तुम्ही बोलता केव्हा?

आमचं असं होतं. हिवाळ्यात हरभऱ्याले पाणी, अन् शेतातली थ्री फेज लाईन एक पाळी दिवसाची, एक पाळी रात्रीची. रात्रीची पाळी आली का मी स्प्रिंकलर लावून धुऱ्यावर बसून. एक जागा भिजाले दोन-तीन तास लागते, मग पाइप उचलून पुढं न्यायचे, मधात काहीच काम नाही, फक्त डुकरं हाकलायची. इकडं रात्रीचे बारा वाजले का तिची दुपारची साडेबारा, जेवायची सुट्टी. ती डबा खात बोलते, मी शेकोटीपाशी. रेंज फक्त विहिरीच्या वरच्या धुऱ्यावर येते, तिथंच बाज टाकली. खरं सांगतो, लग्नानंतर घरात एवढं बोललो नसन जेवढं त्या धुऱ्यावर बोललो. माय, बाबूजी, पाहुणे कोणी नाही. ती स्प्रिंकलरचा आवाज ऐकूनच विचारे, एक नोझल बसलं का रे, आणि बसलेलं असे.

पण दिवसाची पाळी आली का फसलं. दिवसभर चिखलात राहून रात्री बारापर्यंत जागायचं म्हणजे मी 'हूं हूं' करत झोपून जाई, ती तिकडं बोलतच राही. तुमचं सांगा.

निंबोळी:
माझा नवरा दुबईला, बांधकामावर फोरमन. फरक फक्त दीड तास आहे म्हणून सगळे म्हणतात तुझं तर सोपं आहे. सोपं नाही हो. तो साईटवरून खोलीवर येतो, मग आंघोळीला रांग, स्वयंपाकाला रांग, मोकळा होतो तेव्हा त्याचे दहा आणि माझे साडेअकरा, आणि मला पहाटे उठून शाळेचे डबे करायचे असतात. शिवाय तिकडे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, व्हॉइस नोट जाते, पण कॉल लागत नाही, तिथं चालणारं वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं आणि ते आमच्या गावच्या रेंजवर रडतं.

आमचे चांगले दिवस म्हणजे उन्हाळा. 15 जून ते 15 सप्टेंबर तिकडे उघड्यावरचं काम दुपारी साडेबारा ते तीन बंद ठेवावं लागतं, कायदाच आहे. त्याचे साडेबारा म्हणजे माझे दोन. पोरं शाळेत, सासूबाई झोपलेल्या, बाहेर पाऊस. तेवढ्या तीन महिन्यात आमची भांडणंसुद्धा नीट शेवटापर्यंत होतात. एरवी अर्धवट राहतात आणि दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं तेच कळत नाही.

पऱ्हाटी:
धुऱ्यावरचा भाऊ, एक सावध करतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे जाते, सगळ्या फॉरेनमध्ये. माझा भाऊ जर्मनीत आहे त्यामुळे पक्कं माहीत आहे. तेव्हापासून फोन एक तास उशिरा लावायचा.

साडेपाच:
पऱ्हाटी, ते युरोपचं झालं. अमेरिकेत नोव्हेंबरचा पहिला रविवार, आणि परत पुढे जातं मार्चच्या दुसऱ्या रविवारी, युरोपात मार्चच्या शेवटच्या. मी एका कंपनीच्या तिन्ही देशांतल्या लोकांच्या शिफ्ट लावायचो म्हणून हे डोक्यात बसलंय. आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही, त्यामुळे हलतो तो फरक. वहिनी लिंकन-ओमाहाकडे असतील तर उन्हाळ्यात साडेदहा तास, हिवाळ्यात साडेअकरा (नेब्रास्काचा पश्चिमेकडचा भाग आणखी एक तास मागे असतो). म्हणजे त्यांची साडेबाराची सुट्टी उन्हाळ्यात तुमच्या रात्री अकराला पडते, हिवाळ्यात बाराला.

आता कोणी म्हणेल गणित सोपं आहे. गणित सोपंच आहे, भांडण होतं ते पहिल्या आठवड्यात. एक जण जुन्या वेळेला फोन लावतो, दुसरा मीटिंगमध्ये असतो, आणि 'तू उचलला नाहीस' सुरू. मी सांगतो तो उपाय असा की आधी ठरवा कोणाची वेळ पक्की आहे. तिची सुट्टी पक्की असेल तर फोनच्या कॅलेंडरमध्ये तो कॉल तिच्या टाइम झोनमध्ये टाका, घड्याळ बदललं की तुमच्याकडची वेळ आपोआप सरकते. तुमची लाईन पक्की असेल तर भारताच्या वेळेत टाका. दोघांनी आपापल्या वेळेत अलार्म लावला की वर्षातून दोनदा गोंधळ होणारच.

धुऱ्यावरचा:
साडेपाच भाऊ, हे बेस सांगितलं. पण आमच्या लाईनचं कोणत्या कॅलेंडरमध्ये टाकू? तिची पाळी बदलते तेही आदल्या दिवशी लाईनमनच्या मेसेजवरून कळते.

वऱ्हाडी मामा:
मी जोडप्यातला नाही, म्हातारा आहे, पण लिहितो. पोरगा मेलबर्नले आहे. तिथं उलटंच, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुढं करतात, मग तो आपल्याहून साडेपाच तास पुढं. मी पहाटे पाचले म्हशी पिळायले उठतो तेव्हा त्याचे साडेदहा. तो हापिसात कानात यंत्र घालून हूं हूं करतो अन् मी दूध काढत बोलतो. म्हैस आता त्याचा आवाज आला नाही तर पाय झाडते. सांगा, यावर काही उपाय?

निंबोळी:
मामा 😄 आवाज रेकॉर्ड करून लावा.

कडूनिंबाचा पार:
मी थोडं कडू बोलते. मला वाटतं वेळ जुळवण्याच्या नादात आपण चुकीच्या वेळी बोलतो. माझं लग्न ठरलं होतं, तो कॅनडात, मी वाशिमजवळ. त्याची सकाळ म्हणजे डोकं ताजं, माझी रात्र म्हणजे दिवसभराचा थकवा. प्रत्येक मोठी गोष्ट, पैसे, घर, नोकरी सोडायची का, तो त्याच्या ताज्या डोक्याने काढायचा आणि मी झोपेत हो म्हणायची. दुसऱ्या दिवशी नाही म्हटलं की 'काल तर हो म्हणालीस'. शेवटी ते लग्न मोडलं, त्याला कारणं बाकीही होती. पण मोठ्या गोष्टी व्हॉइस नोटवर पाठवा म्हणजे समोरचा त्याच्या सकाळी ऐकेल, असं मी आता सगळ्यांना सांगते.

साडेपाच:
ताई, याला माझा अर्धा विरोध. व्हॉइस नोटवर रागाची गोष्ट गेली की समोरचा ती पाच वेळा ऐकतो.

धुऱ्यावरचा:
मंडळी, खरी गोष्ट तर राहिलीच. यंदा सौर पंप बसला. आता पाणी फक्त दिवसा, ऊन असन तेवढं. गावातले म्हणतात सुटला बुवा रात्रीच्या जागलीतून, साप-विंचवाचं भेव गेलं. गेलंच, खोटं काहून बोलू. पण रात्री बारा वाजता धुऱ्यावर जायचं कारणच राहिलं नाही, अन् घरात भिंतीले कान. तिच्या सकाळी सातले लावून पाहिलं, म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा. तेव्हा माय बाजूले बसून, सुनेशी तिलेच बोलायचं असते, मग मले शेवटचे दोन मिनिटं मिळते.

काल ती म्हणे, हरभरा घाट्यावर आला असन तर डुकरं येतील, जागल लागन. मी म्हटलं, लागनच.