किमान जोखमीच्या वाटणीत एका शेअरचे वजन उणे आले

जुळे सोलापूर: माझ्याकडे दोन शेअर आहेत. गेल्या ३६ महिन्यांच्या परताव्यांवरून ‘अ’चे वार्षिक प्रमाण विचलन १५ टक्के, ‘ब’चे ३० टक्के आणि दोघांतील सहसंबंध ०.६ येतो. सूत्राने ‘ब’चे वजन उणे दाखवले. माझे गणित चुकले का?

साखर पेठ: चुकलेच असावे. सहसंबंध १ पेक्षा कमी असला की दोन शेअर मिसळल्याने जोखीम घटते. मी व्हेरियन्सच्या व्यस्त प्रमाणात पैसे वाटतो. येथे ‘अ’मध्ये ८० आणि ‘ब’मध्ये २० टक्के येतील.

बाळीवेस: गणित बरोबर आहे. कोव्हेरियन्स ०.६ × ०.१५ × ०.३० म्हणजे ०.०२७ येतो, आणि ‘अ’चा स्वतःचा व्हेरियन्स ०.०२२५ आहे.

```
w_A = (σ_B² − σ_AB) / (σ_A² + σ_B² − 2σ_AB)
    = (0.09 − 0.027) / (0.1125 − 0.054) ≈ 1.077
```

सर्व पैसे ‘अ’मध्ये असताना त्यातला पहिला रुपया ‘ब’कडे वळवला, तर जोखीम घटेल की वाढेल, हे ‘ब’च्या चढउतारावर नव्हे, तर कोव्हेरियन्स ‘अ’च्या व्हेरियन्सहून मोठा आहे का, यावर ठरते, येथे तो मोठा असल्याने पहिल्याच रुपयाला जोखीम वाढते. ही सीमा १५ भागिले ३०, म्हणजे ०.५ सहसंबंधावर आहे. साखर पेठकरांची ८०-२० वाटणी तपासली, तर प्रमाण विचलन १६.३ टक्के भरते, म्हणजे एकट्या ‘अ’पेक्षाही जास्त. उणे वजन प्रत्यक्षात आणायला ‘ब’ शॉर्ट करावा लागेल आणि एवढे करून विचलन १५ वरून १४.९ वर येईल. एवढ्यासाठी तो खटाटोप मला पटत नाही. शॉर्ट करायचे नसेल, तर सर्व पैसे ‘अ’मध्ये, हेच उत्तर.

विजापूर रोड: माझा टॉवेलचा कारखाना आहे आणि शेअरही कापड कंपनीचा, सुताचे भाव चढले की दोन्हीकडे एकदमच फटका बसतो. पण त्या शेअरने मला चांगला नफा दिला आहे. तरी तो विकावा काय?

बाळीवेस: या सूत्रात अपेक्षित परतावा कुठेच येत नाही, त्यामुळे नफ्याच्या प्रश्नाला ते उत्तर देऊ शकत नाही. मात्र कारखाना हाच आपला ‘अ’ आहे, हे आपण अचूक ओळखले आहे.

साखर पेठ: ८०-२० बद्दल मी चुकलो, हे मान्य. पण ३६ महिन्यांतून काढलेल्या ०.६ मध्ये सुमारे ०.१ इतकी प्रमाण त्रुटी असते आणि तुमची सीमा ०.५ वर आहे. मग उणे चिन्हावर इतका विश्वास कसा ठेवता?

बाळीवेस: चिन्हावर मीही ठेवत नाही. सहसंबंध ०.४ धरला, तर ‘ब’चे वजन अधिक ६ टक्के येते आणि ०.६ धरला, तर उणे ८. पण २० टक्क्यांच्या जवळ यांपैकी एकही जात नाही, कारण आपल्या पद्धतीत सहसंबंध शून्य धरलेला आहे.

जुळे सोलापूर: माझ्या आकड्यांत एका महिन्यात दोन्ही शेअर एकदम कोसळले आहेत. तो महिना वगळला, तर सहसंबंध ०.४५ आणि ‘ब’चे वजन ३ टक्के येते. वगळावा का?

साखर पेठ: वगळावा, एका महिन्याने सगळी वाटणी ठरू नये.

बाळीवेस: मी ठेवीन. जोखीम कमी हवी असते, ती नेमकी अशाच महिन्यासाठी.