मदत हवी आहे: तीन वर्षांच्या विक्रीवरून वर्षाचा तक्ता करतोय, जूनचा आकडा गंडतोय

सायकलवाला: मुलांच्या सायकली विकतो. पुढच्या वर्षी कुठल्या महिन्यात किती माल आणि किती माणसं लागतील, याचा तक्ता करायचाय. तीन वर्षांची विक्री १२००, १५०० आणि १८००. त्यातले जून १५०, २०० आणि १६५. धंदा वाढतोय, मग जून का पडला? पुढच्या जूनला काय धरू?

जुनाखेळाडू: तिन्ही जूनची सरासरी काढा, १७२ येते. आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो.

हिशोबी: सरासरी घ्या, पण थेट आकड्यांची नको. धंदा वाढत असला की जुनी वर्षं आकडा खाली ओढतात. प्रत्येक जूनला त्या-त्या वर्षाच्या मासिक सरासरीने भागा: १५० भागिले १००, २०० भागिले १२५, १६५ भागिले १५०. म्हणजे १.५, १.६ आणि १.१. पहिले दोन जुळतात, तिसरा संशयास्पद. त्या जूनमध्ये माल संपला होता का? बिलांत ते दिसणार नाही, स्टॉक रजिस्टर बघा.

सायकलवाला: बघितलं. २१ ते ३० शिल्लक शून्य! गाडी उशिरा आली होती, साफ विसरलो होतो.

हिशोबी: मग १६५ ही २० दिवसांची विक्री. दिवसाला सव्वाआठ, पूर्ण महिन्याचे २४८. वर्षाच्या बेरजेतही ते ८३ घाला, प्रमाण १.५८ होतं. तिन्हींची सरासरी १.५६. पुढच्या वर्षी २२०० विकतील असं धरलंत तर जूनला २८६ च्या आसपास लागतील. १७२ मागवलेत तर १८ तारखेलाच दुकान रिकामं.

पाणीवाली: आमचं वॉटर प्युरिफायरचं काम आहे. विक्रीचा जोर एका महिन्यात, पण माणसं कमी पडतात ती पुढच्या महिन्यात, कारण बसवायची कामं आणि तक्रारी तेव्हा येतात. माणसांचा तक्ता विक्रीवरून केला आणि तोंडावर पडलो. एक्सेलमध्ये त्यासाठी वेगळं शीट कसं करायचं?

सायकलवाला: ताई, शीटचं माहीत नाही, पण आमच्याकडेही पहिली सर्व्हिसिंग महिन्याभराने असते. म्हणजे मेकॅनिक जुलैत वाढवायचा! एक राहिलं: त्याच वर्षीचा जुलै १९० आहे. एरवी जुलै सरासरीइतकाच असतो.

हिशोबी: मग जूनला रिकाम्या हाताने गेलेले काही जण जुलैत परत आले. जून २४८ राहू द्या, जुलैतून तीसेक काढा. नाहीतर तेच गिऱ्हाईक दोनदा मोजलं जाईल.

जुनाखेळाडू: तीसच का? जुलैत नवी गिऱ्हाइकंही आली असतील.

हिशोबी: असतील. नुसत्या महिनावार आकड्यांवरून ते वेगळं काढता येत नाही. जूनमध्ये कुणी नावं लिहून ठेवली होती का?

सायकलवाला: काउंटरवर एक वही असते. सोमवारी उघडून बघतो.