वार्षिक फी माफी: खर्च खरेदीच्या तारखेनं धरायचा की पोस्टिंगच्या?

राजारामपुरीकर
माझ्या क्रेडिट कार्डाची वार्षिक फी १,००० रुपये, वर जीएसटी १८०. वर्षात दीड लाख खर्च झाला की फी माफ, असं कार्ड देताना सांगितलेलं. कार्ड १२ मे २०२४ चं. बारा स्टेटमेंटं समोर ठेवून खरेदीची बेरीज केली, १,७१,३०० होते. तरी पुढच्या स्टेटमेंटमध्ये १,१८० लागलेत. कस्टमर केअर म्हणतं खर्च कमी पडला, पण किती ते सांगत नाही. ही फसवणूक नाही तर काय?

उद्यमनगरवाला
पेट्रोल धरत नाहीत भावा. तेवढं वजा कर, उत्तर मिळेल. बाकी सगळं धरतात.

शाहूपुरीच्या काकू
माझ्या कार्डावर मुलाचं ॲड-ऑन कार्ड आहे, तो पुण्यात असतो. त्याचा खर्च माझ्यात धरतात की त्याला वेगळी फी लागेल? मला तर अजून एकदाही फी लागलेली नाही.

जुना कार्डवाला
काकू, ॲड-ऑनचा खर्च साधारणपणे मुख्य कार्डाच्याच खात्यात जमा होतो, तुमची माफी त्यामुळेच होत असणार. ॲड-ऑनला वेगळी फी आहे का, ते तुमच्या कार्डाच्या दरपत्रकात बघा.

राजारामपुरीकर, चार गोष्टी सांगा. पेट्रोल किती? काही परत केलंय का? स्टेटमेंट कितव्या तारखेला निघतं? आणि मे महिन्यात शेवटची मोठी खरेदी कधी झाली?

उद्यमनगरवाले, "बाकी सगळं" म्हणू नका. भाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, एटीएममधून काढलेली रोकड हे बऱ्याच बँका धरत नाहीत. काही ठिकाणी विमा, सरकारी भरणा, सोनंही वगळलंय. शिवाय तुम्ही काय घेतलं हे बँकेला दिसतच नाही. तिला दिसतो दुकानाचा चार आकडी कोड. जिथं दागिन्यांची दुकानं वगळलीत तिथं गुजरीत सराफाकडून चांदीची समई घेतली तरी ती दागिन्यांतच जाते. पंपावर नुसतं ऑइल घेतलंत तरी ते इंधनातच.

राजारामपुरीकर
पेट्रोल ११,४०० निघालं. एक मिक्सर परत केला, त्याचे ४,२०० आले. स्टेटमेंट दर २० तारखेला. कार्ड हातात २४ मेला आलं, त्याआधी काही खर्च नाही. शेवटची मोठी खरेदी वॉशिंग मशीन, १८,५००, शनिवारी १० मे २०२५ ला संध्याकाळी. पावती आहे. त्यानंतर २० मेपर्यंत काही घेतलं नाही.

जुना कार्डवाला
मग हिशेब असा. १,७१,३०० मधून पेट्रोल गेलं की १,५९,९००. मिक्सर गेला की १,५५,७००. इथपर्यंत तुम्ही पास आहात. आता ॲपमध्ये वॉशिंग मशीनच्या व्यवहारावर बोट ठेवा आणि पोस्टिंगची, म्हणजे व्यवहार खात्यात चढल्याची, तारीख वाचा.

राजारामपुरीकर
१३ मे दाखवतंय.

जुना कार्डवाला
तिथंच अडलं. तुमचं कार्डवर्ष ११ मेला संपलं. मशीन नव्या वर्षात गेलं आणि जुन्यात उरले १,३७,२००. म्हणजे १२,८०० कमी. बारा स्टेटमेंटं म्हणजे कार्डवर्ष नव्हे. तुमची स्टेटमेंटं २० तारखेला तुटतात, वर्ष ११ ला. मधले नऊ दिवस तुम्ही जुन्यात धरलेत, बँकेनं नव्यात. बहुतेक बँकांचा हिशेब पोस्ट झालेल्या व्यवहारांवर चालतो. कार्ड स्वाइप झालं तेव्हा फक्त मर्यादेतली रक्कम अडवलेली असते.

लक्ष्मीपुरीतला दुकानदार
आमच्या बाजूनं सांगतो. दिवसभराचे स्वाइप कार्डाच्या मशीनमध्ये एका बॅचमध्ये साठतात. रात्री शटर ओढायच्या आधी सेटलमेंट मारलं की ती बॅच आमच्या बँकेकडे जाते आणि त्याची वेगळी चिठ्ठी निघते. कुणाची मशीन आपोआप करते, कुणी विसरतं. विसरलं की एक दिवस गेला. त्यात ११ मे रविवार, १२ ला बुद्धपौर्णिमेची सुट्टी. १३ तारीख लागली याचं मला नवल नाही.

रंकाळ्यावरची
हेच मला मान्य नाही. दुकानदारानं सेटलमेंट कधी मारली यावर ग्राहकाची फी ठरणार? ग्राहकाच्या हातात फक्त स्वाइपची तारीख आहे. आणि बँकेला ती तारीख माहीत नाही असंही नाही. बिल पूर्ण भरलं नाही तर व्याज कुठल्या दिवसापासून लावतात? व्यवहाराच्या तारखेपासून. घेताना खरेदीची तारीख आणि द्यायच्या वेळी पोस्टिंगची, हा दुटप्पीपणा आहे. अटीत छापलंय म्हणून तो न्याय्य होत नाही.

जुना कार्डवाला
व्याजाचा मुद्दा तुमचा खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण पोस्टिंग धरण्यामागं कारण आहे. स्वाइप झालेला प्रत्येक व्यवहार पुढं पूर्ण होतोच असं नाही. हॉटेलवाला आधी रक्कम अडवतो, शेवटी बिल कमी होतं. काही व्यवहार दुकानदार रद्द करतो. न झालेल्या खर्चावर माफी दिली तर तीही चूकच.

रंकाळ्यावरची
मग आठ दिवस थांबा ना. पोस्ट झालेलेच व्यवहार घ्या, पण प्रत्येकाला स्वाइपच्या तारखेनं वर्षात टाका. दोन्ही तारखा नोंदीत असतात. अवघड काय आहे?

उद्यमनगरवाला
पण ॲपमध्ये खर्चाचा मीटर असतो की. माझा हिरवा झालेला, मी निर्धास्त होतो. तो बघितला असता तर कळलं असतं.

जुना कार्डवाला
तो मीटर कशाचा आहे ते आधी वाचा. बरेचदा तो बक्षिसाच्या टप्प्याचा असतो. त्याची वगळणी वेगळी, फी माफीची वेगळी. त्याचं वर्षही वेगळं असू शकतं. परत केलेल्या मालाची वजाबाकीही त्यात उशिरा दिसते. मिक्सर परत केलेला असताना हिरवा मीटर बघून थांबणारे मी बरेच पाहिलेत. वर्ष संपायच्या दहा दिवस आधी मोठी खरेदी उरकावी आणि आकडा बँकेकडून लेखी मागावा.

राजारामपुरीकर
आता काय करू? फी भरू नको का?

जुना कार्डवाला
स्टेटमेंट पूर्ण भरा. १,१८० अडवून ठेवलेत तर त्यावर व्याज लागेल, उशिराचा दंडही लागू शकतो, आणि मूळ भांडण बाजूला राहील. मग ईमेल लिहा. १० मेच्या पावतीचा फोटो जोडा आणि तीन गोष्टी मागा: कार्डवर्षाच्या नेमक्या तारखा, त्यात धरलेली एकूण रक्कम, वगळलेल्या व्यवहारांची यादी. फोनवर "कमी पडला" म्हणणाऱ्याला लेखी आकडा द्यावा लागला की फाईल वर जाते. सीमेवरच्या प्रकरणात फी परत करायचा अधिकार वरच्या माणसाला असतो. पण तो तुमचा हक्क नव्हे, हे धरून लिहा.

रंकाळ्यावरची
तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. माझ्या मते करावीच. आणि कार्ड नकोच असेल तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बाकी नसताना बंद करायची विनंती सात कामाच्या दिवसांत पुरी करावी लागते, नाहीतर रोज ५०० रुपये तुम्हाला.

जुना कार्डवाला
लोकपालाकडे जरूर जा, पण अटीत "पोस्ट झालेले व्यवहार" असं स्पष्ट छापलेलं असेल तर तिथं जिंकाल असं मला वाटत नाही. नुसतं "एका वर्षातला खर्च" एवढंच असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. आधी ते वाक्य शोधा.

राजारामपुरीकर
शोधलं. कार्डाबरोबर आलेल्या पत्रकात "कार्डवर्षात केलेला खर्च" आहे. पोस्टिंगचा शब्द नाही. बँकेच्या वेबसाइटवरच्या अटींत मात्र आहे, आणि त्यावर तारीख माझ्या कार्डानंतरची आहे.

रंकाळ्यावरची
मग तेच दोन कागद ईमेलला जोडा. बदल करायचा तर किमान एक महिना आधी कळवायला हवं. तशी सूचना तुम्हाला कधी मिळाली, हे त्यांना विचारा.

लक्ष्मीपुरीतला दुकानदार
आणि दुकानदाराकडून १० तारखेच्या रात्रीची सेटलमेंटची चिठ्ठी मागून घ्या. जपून ठेवली असेल तर देईल.