‘फॉलो-अप प्रश्न’ आणि ‘ॲक्टिव्ह लिसनिंग’ यांना आपले शब्द कोणते?

राजवाडा (इंदूर)
आमच्या मंडळाच्या परिचय मेळाव्यात येणाऱ्या मुलामुलींसाठी मला एक पानाचे टिपण लिहायचे आहे. पहिल्या एक-दोन भेटींत समोरच्याचे ऐकावे कसे आणि ऐकल्यावर विचारावे काय, एवढाच त्याचा विषय आहे. मसुद्यात ‘सक्रिय श्रवण’ आणि ‘पाठपुरावा प्रश्न’ असे शब्द आले. त्यांतला पहिला कानाच्या दवाखान्यातला वाटतो आणि दुसरा नगरपालिकेच्या पत्रातला.

ज्या प्रसंगावरून हे टिपण सुचले, तो दोघांचीही ओळख न सांगता येथे देते. मुलगी म्हणाली, “मी सध्या मोडी शिकते आहे.” मुलाने विचारले, “अरे वा, कशासाठी?” ती म्हणाली, “होळकरांच्या काळातले कागद वाचता यावेत म्हणून. पण अजून सुटी अक्षरेच ओळखते, ओळ काही वाचता येत नाही.” त्यावर मुलगा म्हणाला, “छान. आणि तुमचं ऑफिस किती वाजता सुटतं?” त्यानंतर भावंडे, प्रवास, खाण्याच्या आवडीनिवडी असे सगळे विचारून झाले. आपण आस्थेने बोललो असे मुलाला मनापासून वाटत होते, तर मुलीचे म्हणणे असे पडले की चौकशी झाली, बोलणे झाले नाही. त्या मुलाकडून जे राहून गेले, त्याला मराठीत काय म्हणावे?

जयेंद्रगंज (ग्वाल्हेर)
दुसऱ्यासाठी ‘उपप्रश्न’ हा तयार शब्द आहे. विधिमंडळाच्या कामकाजात मूळ प्रश्नाला मंत्र्यांनी उत्तर दिल्यावर सदस्य जे विचारतात, ते उपप्रश्नच असतात. पहिल्यासाठी ‘हुंकार देणे’ घ्यावे. आजी गोष्ट सांगताना आपण ‘हं’ म्हणणे थांबवले की ती गोष्ट थांबवून “झोपलास का रे?” असे विचारत असे, हे आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. तेव्हा टिपणात दोनच गोष्टी लिहाव्यात: हुंकार देत राहा आणि प्रश्नांची संख्या वाढवा. जास्त प्रश्न विचारणारा माणूस जास्त आवडतो, हे प्रयोगाने सिद्ध झाल्याचे माझ्या वाचनात आले आहे.

तुकोगंज (इंदूर)
हुंकाराबद्दल माझा अनुभव निराळा आहे. आमचे यजमान वर्तमानपत्र वाचता वाचता अगदी वेळेवर ‘हं’ म्हणतात. “मी काय म्हणाले ते सांगा,” असे विचारले तर माझे शेवटचे वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यातले काहीही त्यांच्या लक्षात नसते. अशा ऐकण्याला काही शब्द असल्यास तोही कळवावा, म्हणजे घरी वापरता येईल.

दांडिया बाजार (वडोदरा)
यजमानांच्या ‘हं’मध्येच या चर्चेचे मर्म आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ऐकणाऱ्याचा प्रतिसाद दोन प्रकारचा असतो. एक ‘हं’, ‘अच्छा’, ‘बरं’ असा, जो कोणत्याही वाक्यानंतर चालतो आणि ज्याचा अर्थ फक्त “पुढे बोला” एवढाच असतो. दुसरा त्याच जागी शोभणारा असतो: सांगणारा जिन्यावरून घसरल्याचे सांगत असताना ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो, किंवा त्याच्या तोंडून “बाप रे, आणि हातात बाळ होतं?” असे निघून जाते. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या जॅनेट बाव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविषयी 2000 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना जिवावरचा प्रसंग थोडक्यात टळल्याची आपली एखादी हकिकत सांगायला लावली, आणि काही श्रोत्यांना गुपचूप असे काम दिले की सांगणाऱ्याच्या बोलण्यात ‘टी’ या अक्षराने सुरू होणारे शब्द किती येतात ते टिपायचे. हे श्रोते शब्द न् शब्द ऐकत होते, परंतु अर्थाकडे त्यांचे लक्ष नव्हते. परिणामी त्यांचे प्रतिसाद रोडावले आणि त्यातही दुसऱ्या प्रकारचे जवळजवळ नाहीसे झाले. खरी गंमत पुढे आहे: ज्यांच्यावर कोणतेही काम लादलेले नव्हते, ते सांगणारेच अडखळू लागले आणि हकिकतीचा शेवट, जिथे ती रंगायला हवी, तिथेच फसू लागला. म्हणजे ऐकणारा गैरहजर असला की बोलणाऱ्याचे बोलणेही खालावते. मुलगी ‘फारशी बोलकी नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी समोर कोण बसले होते, हे पाहावे ते यासाठी.

म्हणून ‘हुंकार’ हा शब्द मला आवडत असूनही अपुरा वाटतो. गुजरातीत ‘होंकारो’ आहे, राजस्थानीत ‘फौज में नगारो, बात में हुंकारो’ अशी म्हणच आहे. पण हे सगळे पहिल्या प्रकाराबद्दल आहे. शेवटचे वाक्य परत म्हणून दाखवणे हीदेखील आठवणीची करामत आहे, तिला ऐकणे म्हणता येत नाही.

आता जयेंद्रगंजांच्या वाचनात आलेल्या प्रयोगाबद्दल. तो 2017 सालचा असून हार्वर्डच्या संशोधकांनी केलेला आहे. अनोळखी लोकांच्या जोड्यांना संगणकावर 15 मिनिटे लेखी गप्पा मारायला सांगितल्या होत्या. काहींना किमान 9 प्रश्न विचारायचे होते, तर काहींना जास्तीत जास्त 4. अधिक विचारणारे अधिक आवडले, इथवर जयेंद्रगंजांचे म्हणणे खरे आहे. मात्र संशोधकांनी प्रश्नांचे प्रकार वेगळे काढून पाहिले तेव्हा असे दिसले की हा परिणाम मुख्यतः समोरच्याने नुकत्याच सांगितलेल्या गोष्टीतून निघालेल्या प्रश्नांचा होता. ‘ऑफिस किती वाजता सुटतं’ यासारख्या, विषय बदलणाऱ्या प्रश्नांना ते श्रेय जात नाही. स्पीड डेटिंगमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या ओळीने होणाऱ्या भेटींमध्येही, समोरच्याच्या बोलण्यातून निघालेले प्रश्न अधिक विचारणाऱ्यांना पुन्हा भेटण्याचे होकार अधिक मिळाले. त्यामुळे टिपणात प्रश्नांची संख्या लिहिणे घातक ठरेल. मुले यादी घेऊन येतील आणि तुमच्या प्रसंगातला मुलगा तर यादी संपवूनच उठला होता.

राजवाडा (इंदूर)
मग त्या मुलाने नेमके काय विचारायला हवे होते? मला मोडी येत नाही. त्यालाही येत नसावी. विषयाची माहिती नसताना चांगला प्रश्न सुचणार कसा?

दांडिया बाजार (वडोदरा)
माहिती तिच्याकडे आहे, आणि प्रश्नाची जागाही तिनेच दाखवून दिली आहे. “सुटी अक्षरे ओळखते, ओळ वाचता येत नाही” या वाक्यातला ‘पण’ पाहा. माणूस आपल्या नव्या आवडीबद्दल बोलताना ‘पण’, ‘अजून’, ‘खरं तर’ असे म्हणतो, तेव्हा तो पाठ केलेले उत्तर सोडून मनातले बोलू लागलेला असतो. तिथे “अक्षरं ओळखता आली तरी ओळ का अडते?” एवढा साधा प्रश्न पुरे होता. ती उत्तर देईल, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघेल आणि तीन-चार वाक्यांत आपण तिच्या टेबलापाशी जाऊन बसलेले असू.

प्रश्न जमला की नाही, याची एक कसोटी मी वापरतो. समोरच्याचे उत्तर मुळीच न ऐकता तोच प्रश्न विचारता आला असता का? आला असता, तर तो नुसता पुढचा प्रश्न आहे. “कुठे शिकता?”, “वर्ग किती वेळ असतो?” हे प्रश्न वाईट नाहीत, परंतु ते मोडीऐवजी पोहण्याबद्दलही चालले असते.

खंडेराव मार्केट (वडोदरा)
मी मोडीचे कागद वाचतो, म्हणून एवढेच सांगतो की त्या मुलीचे वाक्य अगदी नेमके आहे. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतात आणि हात शक्यतो न उचलता तिच्याखाली सलग लिहीत जातात, त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते दिसत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शिवाय प्रत्येक लेखनिकाचे वळण निराळे. सुटी अक्षरे पाठ झाल्यावर सगळे शिकणारे याच उंबरठ्यावर अडतात. मला कोणी हा प्रश्न विचारला असता तर मी तासभर बोललो असतो, हेही येथे कबूल करायला हवे.

जयेंद्रगंज (ग्वाल्हेर)
संख्येचा मुद्दा मी सोडला. परंतु प्रश्नातून प्रश्न काढत गेलो तर त्याला मराठीत ‘खोदून विचारणे’ म्हणतात आणि ते स्तुतीपर नाही. आमच्याकडे मुलाचे काका शेजारीच बसलेले असतात. मुलगा एकाच गोष्टीवर चार प्रश्न विचारू लागला तर ‘हा काय वकील आहे का?’ असे त्यांना वाटेल. त्यापेक्षा त्याने आपलेही काही सांगावे: “मी पण लहानपणी शिलालेख पाहायला जात असे,” वगैरे.

दांडिया बाजार (वडोदरा)
काकांची शंका रास्त आहे आणि तिला त्याच संशोधनात आधारही आहे. जे संवादात नव्हते, ज्यांनी तो फक्त बाहेरून वाचला, त्यांना प्रश्न विचारणारा तसा भावला नाही. त्यांचे लक्ष उत्तरे देणाऱ्याकडे गेले. म्हणून वडीलमंडळींसमोर जो मुलगा ‘छान बोलला’, तोच मुलीला ऐकणारा वाटेल असे नाही. टिपणात मेळाव्याच्या संयोजकांसाठी एक ओळ घालून दोघांना थोडा वेळ एकटे बोलू देण्याची सोय करावी, असे मला वाटते.

‘मी पण’ ने सुरू होणाऱ्या वाक्याला मात्र जपावे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स डर्बर यांनी 1979 मध्ये दाखवून दिले की आपल्या प्रतिसादाने बोलण्याचा झोत एकतर बोलणाऱ्यावर राहतो किंवा आपल्याकडे वळतो. आणि हे वळवणे इतक्या सौजन्याने होते की कोणाच्या लक्षातही येत नाही. शिलालेखांचे एक वाक्य सांगून “तुम्ही कागदांकडे कशा वळलात?” असे म्हटले, तर झोत परत गेला. शिलालेखांची सहल पूर्ण वर्णन करून सांगितली, तर मोडी तिथेच संपली. फक्त प्रश्नच विचारत राहणेही खरे नाही, कारण मग समोरचा उघडा पडतो आणि आपण झाकलेले राहतो.

थांबायचे कधी, हे उत्तराच्या लांबीवरून कळते. उत्तरे आखूड होत गेली, “असंच”, “बघू” असे शब्द आले, किंवा तिने स्वतःच विषय बदलला, की तो धागा सोडावा. खोदणे आणि विचारपूस यांतला फरक मला तरी इथेच दिसतो. शब्दांबाबत विचाराल तर ‘चौकशी’ आपल्या माहितीसाठी असते आणि ‘विचारपूस’ समोरच्यासाठी. पण विचारपुशीला आजारपणाचा वास आहे, त्यामुळे तोही शब्द इथे पूर्ण बसत नाही.

राजवाडा (इंदूर)
टिपणात मी ‘सक्रिय श्रवण’ काढून ‘लक्ष देऊन ऐकणे’ असे सरळ लिहीन आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बोलण्याचा धागा धरून विचारलेला प्रश्न’ असे म्हणेन. शब्द लांब आहे, पण मोडीच्या उदाहरणासह दिला तर कळेल.

तुकोगंज (इंदूर)
‘धागाप्रश्न’ असा सुटसुटीत का करू नये? यजमानांना वाचून दाखवला, ते “हं” म्हणाले.

जयेंद्रगंज (ग्वाल्हेर)
‘धागाप्रश्न’ कोणी बोलताना वापरणार नाही. ‘उपप्रश्न’ निदान रुळलेला आहे. माझे मत मी अजून बदललेले नाही.