मराठी-इंग्रजी करारात आकडे जुळेनात

शहापूरचा टायपिस्ट: दोन रकान्यांत मराठी-इंग्रजी शेजारी ठेवायचं, आकडे वर्ड आपोआप घालतं. एवढ्याला वकील कशाला?

खानापूरची वकील: हे वाचून गप्प बसवेना. दोन्ही रकान्यांना एकच यादी लागली की वर्ड डावीकडून उजवीकडे मोजत जातं. मराठी कलम 1 आणि शेजारचं इंग्रजी 2! म्हणून लोक आकडे हातानं घालतात, आणि खरा घोळ तिथं होतो.

माझ्याकडे गोदामाच्या भाड्याचा करार आला होता. मराठीत 14 कलमं, इंग्रजीत 13. कुणीतरी मराठी कलम 6 मधलं उशिराचं व्याज काढून वेगळं 7 केलं, इंग्रजीत ते 6 मध्येच राहिलं. तिथून खाली सगळं एकानं सरकलं. शेवटी दोन्हीकडे लिहिलेलं, ‘कलम 9 मोडल्यास अनामत जप्त’. मराठी 9 म्हणजे पोटभाडेकरू ठेवू नये, इंग्रजी 9 म्हणजे दुरुस्ती. गळकं छप्पर आणि जप्त अनामत, यावरून सहा महिने भांडण चाललं.

तीन रकाने करा. मधल्यात एकच आकडा, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, एका कलमाला एकच ओळ. मराठीत वाक्यं दोन झाली तरी चालतील, ओळ एकच. ‘कलम 9 प्रमाणे’ हेसुद्धा हातानं लिहू नका. Cross-reference वापरा आणि शेवटी Ctrl+A, मग F9 दाबा, नाहीतर जुनेच आकडे राहतात.

निपाणीकर: आणि उपकलमं? अ, ब, क लिहा, a, b, c शी जुळतात. संपलं.

खानापूरची वकील: संपलं कसं? हिंदी मसुद्यावरून मराठी केलं की क, ख, ग येतं. तिथं ‘क’ पहिलं, तुमच्याकडे तिसरं. 5(क) म्हणजे कुठलं?

निपाणीकर: मग हिंदीवरून करताच कशाला? आमच्या आजोबांच्या खरेदीखतात अ, ब, क आहे.

चिकोडीची शिक्षिका: आम्ही मुलांना अ, आ, इ शिकवतो. ‘ब’ मधेच कुठून आला?

निपाणीकर: बाई, शाळा वेगळी, करार वेगळा!

बेळगावचा दुकानदार: तुमचं दोन भाषांचं चाललंय. माझं करारपत्र नोंदणीला नेलं तर कन्नड भाषांतर मागितलं. सीमाभागात मराठी माणसानं किती सोसायचं?

खानापूरची वकील: दुखणं खरं आहे, दादा. पण 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 19 बघा. दस्ताची भाषा जिल्ह्यात सर्रास वापरात नसेल आणि अधिकाऱ्याला कळत नसेल, तरच भाषांतर लागतं.

बेळगावचा दुकानदार: बेळगावात मराठी वापरात नाही, हे कोण म्हणेल? मी ते देणार नाही.

शहापूरचा टायपिस्ट: मधला रकाना मानला. पण उपकलमांना मी रोमन i, ii घालणार, दोन्हीकडे तेच.

निपाणीकर: मराठी करारात रोमन? माझ्या सहीखाली तरी नाही.