अनुभव धागा: जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये विषयाचा कटऑफ आणि एकूण कटऑफ, गुणांची वाटणी कशी केलीत?

ऋतुजा_के

२०२४ च्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डला मला ३६० पैकी १२४ गुण होते. खुल्या यादीत यायला त्या वर्षी १०९ पुरत होते. तरी माझं नाव यादीत आलं नाही. केमिस्ट्री ६२, फिजिक्स ५३ आणि मॅथ्स फक्त ९. प्रत्येक विषयात किमान ८.६८ टक्के हवे होते, म्हणजे १२० पैकी १०.४. दीड गुणाने सगळं गेलं.

नंतर रिस्पॉन्स शीट आणि उत्तरतालिका शेजारी ठेवून मॅथ्सचा एकेक प्रश्न तपासला. दोन्ही पेपर मिळून माझे बरोबर उत्तरांचे गुण २१ होते आणि निगेटिव्हमध्ये १२ गेले होते. तीन मल्टिकरेक्ट अंदाजाने केले, तिथेच ६ गेले. बाकीचे एकेक करून एका पर्यायाच्या आणि जोड्यांच्या प्रश्नांत गेले. ते प्रश्न कोरे सोडले असते तर विषयात २१ आणि एकूण १३६ झाले असते.

आता धाकटा भाऊ लातूरला बारावीत आहे आणि त्याचंही मॅथ्स कच्चं आहे. ज्यांनी ही परीक्षा दिली आहे किंवा मुलांना बसवलं आहे, त्यांनी लिहा: कुठल्या विषयातून किती गुण आणायचे हे तुम्ही आधी ठरवलं होतं का, आणि प्रत्यक्षात काय झालं?

सह्याद्रीकर

मी सरळ हिशेब केला होता. माहितीपुस्तिकेत खुल्या यादीसाठी एकूण ३५ टक्के आणि विषयात १० टक्के असतात, निकालाच्या वेळी ते खाली येऊ शकतात, पण तयारी यावरच धरायची. ३६० चे ३५ टक्के १२६, भागिले तीन, म्हणजे प्रत्येकी ४२. तिन्ही विषयांत ४२ आणले की दोन्ही कटऑफ आपोआप पार. भावालाही हेच सांग.

गणूमामा

मी बरीच वर्षं नाशिकला मुलांना फिजिक्स शिकवतो. सह्याद्रीकर, ४२-४२-४२ ने दोन्ही अटी पुऱ्या होतात हे खरं. पण ज्याचं मॅथ्स कच्चं आहे त्याला तिथे २४ वरून ४२ वर जायला जेवढे तास लागतात, तेवढ्यात तो केमिस्ट्रीत त्याहून जास्त मिळवतो. विषयाची अट प्रत्येकी १२ ची आहे, तिन्ही मिळून ३६. उरलेले ९० गुण कुठूनही आणायची मोकळीक आहे, आणि वाटणी खरी त्या ९० चीच करायची.

ऋतुजाच्या भावासाठी मी असं मांडेन: केमिस्ट्री ६०, फिजिक्स ४२, मॅथ्स २४. बेरीज १२६. मॅथ्सला १२ न धरता २४ धरले, कारण कच्च्या विषयात आपल्याला जेवढे बरोबर वाटतात त्यातले काही चुकलेले निघतातच. दुप्पट धरलं की निम्मं गळालं तरी विषयाची अट पुरी होते.

हे २४ कुठून येतील? २०२४ च्या दोन्ही पेपरांत प्रत्येक विषयाला पूर्णांक उत्तराचे सहा-सहा प्रश्न होते, प्रत्येकी ४ गुण आणि निगेटिव्ह नाही. बारापैकी सहा बरोबर आले की २४ झाले. दुसऱ्या पेपरात उताऱ्यावरच्या चार प्रश्नांनाही निगेटिव्ह नव्हतं. कच्च्या विषयात आधी तिथे जायचं. मात्र पेपरची रचना बदलते आणि आधी सांगत नाहीत, म्हणून सूचना उघडल्याबरोबर कुठल्या विभागात उणे गुण नाहीत ते बघायचं.

आणि एक, जे पुष्कळ मुलांना परीक्षेच्या दिवशीही ठाऊक नसतं: विषयाचा कटऑफ दोन्ही पेपरांच्या बेरजेवर असतो. सकाळी मॅथ्समध्ये ३ मिळाले तरी दुपारी ९ मिळवून भरपाई होते.

आनंदी_बाबा

माझ्या मुलीने सीईटी दिली, तिथे मॅथ्सच्या एका प्रश्नाला दोन गुण आणि निगेटिव्ह अजिबात नाही. तिने सगळे प्रश्न सोडवले आणि तिला चांगले पर्सेंटाइल पडले. मग इथे प्रश्न कोरे का सोडायचे?

ऋतुजा_के

बाबा, सीईटीत विषयाचा वेगळा कटऑफ नसतो आणि चुकीला गुणही कापत नाहीत, म्हणून तिथे सगळे सोडवणंच बरोबर. मीही तीच सवय घेऊन अ‍ॅडव्हान्स्डला बसले होते.

मनमाड_जंक्शन

मी आयबीपीएसच्या बँक पीओ परीक्षा दिल्या आहेत. प्रिलिम्सला तिथेही विभागवार आणि एकूण असे दोन्ही कटऑफ आहेत, पण प्रत्येक विभागाला २० मिनिटं बांधलेली. वेळ संपली की तो विभाग बंद, म्हणून वेळेची वाटणी करायचा प्रश्नच येत नाही. तुमच्याकडे तीन तास कुठेही वापरता येतात ना? मी एकदा जुन्या पद्धतीच्या परीक्षेत आवडीच्या विभागात रमलो आणि इंग्रजी पाच मिनिटांत उरकलं. एकूण गुण चांगले होते, इंग्रजीत राहिलो.

कोकणची_पोर

मी २०२५ ला दिली. मॅथ्स माझंही कच्चं. मामांच्या म्हणण्याला माझा एक मुद्दा जोडते. मल्टिकरेक्टमध्ये ज्या पर्यायाची पक्की खात्री आहे तो एकटाच निवडला तर निदान १ गुण मिळतो. चारही पर्याय जुळवायच्या नादात एक चुकीचा निवडला गेला की उणे २. मी मॅथ्सच्या मल्टिकरेक्टमध्ये खात्रीचा एकच पर्याय निवडत गेले आणि तिथून ५ गुण आले. बारा-तेराच्या काठावर असलेल्या मुलाला हे ५ फार असतात.

२०२५ ला खुल्या यादीचा एकूण कटऑफ ७४ वर आला, २०२२ ला तर ५५ होता. त्यामुळे मैत्रिणी म्हणायच्या, कशाला १२६ धरतेस? पण २०२४ ला १०९ होता. कटऑफ निकालासोबत कळतो, तयारी त्याआधी करायची असते.

सह्याद्रीकर

यादीत येणं म्हणजे आयआयटी मिळणं नव्हे, हेही भावाला सांगा. २०२४ ला ४८,२४८ जण यादीत होते आणि जागा साधारण १७,७०० होत्या. मॅथ्स २४ वर ठेवायचं तर बाकी दोन विषयांत ६० आणि ४२ वर थांबून जागा मिळणार नाही.

गणूमामा

हे मान्य. १२६ ही यादीची वाटणी आहे. जागेसाठी वरचे गुण पुन्हा केमिस्ट्री-फिजिक्समधूनच काढायचे, मॅथ्सचे २४ हलवायचे नाहीत.

कोकणची_पोर

मामा, कच्चा विषय आधी घ्यायचा की शेवटी? मी पहिली ४० मिनिटं मॅथ्सला दिली. डोकं ताजं होतं, पण दोन प्रश्न अडल्यावर हात थरथरायला लागला आणि केमिस्ट्रीतही त्याचा परिणाम झाला.

गणूमामा

मी केमिस्ट्री, मॅथ्स, फिजिक्स असा क्रम सुचवतो. पण माझेच दोन विद्यार्थी मॅथ्सने सुरुवात करून चांगले निघाले, त्यामुळे हट्ट धरणार नाही. मॉकमध्ये दोन्ही क्रम तीन-तीनदा करून बघावेत.

ऋतुजा_के

एक विचारायचं राहिलं. दोन पेपरांच्या मधल्या अडीच तासांत सकाळच्या मॅथ्सचे गुण मोजावेत का? मी मोजले नव्हते. मोजले असते तर दुपारी अंदाज कमी केले असते असं वाटतं.

कोकणची_पोर

मी मोजले. फक्त खात्रीचे धरले, ७ निघाले. दुपारी १७ चं लक्ष्य ठेवलं. पण माझ्या रूममेटने मोजले तेव्हा तिचे ० निघाले आणि ती जेवलीच नाही.