पेरेंटल टॉप-अप आणि राजीनामा

> "आईबाबांचा टॉप-अप कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून घेतलाय, हप्ता पगारातून कापतात. नोकरी सोडली तर मार्चपर्यंत कव्हर चालू राहील ना?"

नाही राहत, बहुतेक ग्रुप पॉलिसीत शेवटच्या वर्किंग डेला तुमचं नाव कमी होतं आणि त्याच दिवशी आईबाबांचं बेस कव्हर आणि टॉप-अप दोन्ही बंद होतं, कारण पॉलिसी कंपनीच्या नावावर असते, तुम्ही फक्त मेंबर.

पैशांचं बघा. समजा वर्षाचा प्रीमियम ३६,०००, एप्रिलपासून महिन्याला ३,००० कापले आणि ३१ ऑगस्टला तुम्ही बाहेर पडलात. क्लेम नसेल तर सहसा कपात तिथेच थांबते, प्रीमियम एकरकमी कापला असेल तर उरलेल्या महिन्यांचा परत मिळतो. पण जूनमध्ये बाबांचा क्लेम झाला असेल तर बऱ्याच ठिकाणी उरलेले २१,००० फुल अँड फायनलमधून वळते करतात, आणि कव्हर मात्र ऑगस्टलाच संपतं, हे लोकांना तेव्हाच कळतं! एनरोलमेंटच्या वेळच्या मेलमध्ये ही अट असते, ती आधी शोधा.

आईबाबांना शुगर-बीपी असेल तर मुख्य काम नोटीस पिरियडमध्येच करा. त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन मागा, अर्ज लेखी आणि कव्हर चालू असतानाच द्या. मायग्रेशन झालं तर ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंग पिरियडमधून, म्हणजे आधीपासूनच्या आजारांचा क्लेम मिळण्याआधी थांबावं लागणाऱ्या काळातून, वजा होतात, तेही जुन्या सम इन्शुअर्डपुरतंच. वय-आजार बघून इन्शुरन्स कंपनी नाकारू शकते किंवा प्रीमियम बराच वाढवू शकते, म्हणून लेखी होकार हातात येईपर्यंत शक्य असेल तर शेवटची तारीख पक्की करू नका.